समासात अधिकचं चिन्ह पुरत नाही: मेघदूतातल्या दोन शब्दांची फोड

संस्कृत साहित्यावर संशोधन करायचं ठरवलं की आपण आधी एखादं मार्गदर्शक उघडतो. त्यात लांबलचक समासाचे तुकडे पाडून मध्ये अधिकची चिन्हं दिलेली असतात आणि खाली प्रत्येक तुकड्याचा अर्थ. माझा आक्षेप या पद्धतीवर आहे. तुकडे बरोबर असतात, पण ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे कुणी सांगत नाही, आणि अर्थ तर तिथेच ठरतो.

उदाहरण म्हणून कालिदासाच्या मेघदूताचा पहिलाच श्लोक घेऊ. शाप मिळालेला यक्ष रामगिरीवरच्या आश्रमांत राहिला, एवढं त्याचं मूळ विधान. त्या आश्रमांना दोन विशेषणं आहेत आणि दोन्ही समास आहेत.

पहिलं: जनकतनयास्नानपुण्योदकेषु. तुकडे पाच: जनक, तनया, स्नान, पुण्य, उदक. शेवटी सप्तमीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. संधी एकच, पुण्य आणि उदक मिळून पुण्योदक. इथपर्यंत शब्दकोश हाताशी असला की काम होतं.

आता इथे थांबून सरळ अर्थ लावा: ‘जनककन्येच्या स्नानाच्या पवित्र पाण्यांत’. म्हणजे यक्ष पाण्यात राहायला गेला! असं काही विचित्र निघालं की समजायचं, शेवटचा शब्द मुख्य धरायला नको होता. हा बहुव्रीही आहे: ‘ज्यांतली उदकं पुण्य आहेत असे’ ते आश्रम. विभक्ती आणि वचन आश्रमांशी जुळतं, ही त्याची खूण. लिंग मात्र इथे मदत करत नाही, कारण सप्तमीच्या अनेकवचनात पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी रूप सारखंच दिसतं.

पुढचा प्रश्न कंसांचा. पाच तुकडे क्रम न बदलता दोन-दोन करून जोडायचे, तर कंस घालण्याचे १४ प्रकार होतात. बहुतेक लगेच बाद होतात. ‘तनयास्नान’ आधी जोडून मग जनकाला चिकटवण्यात काही अर्थ नाही. पण दोन प्रकार टिकतात.

एक: ‘पुण्योदक’ आधी जोडायचं. मग पाणी आधीच पवित्र होतं आणि सीता त्यात नाहली. दोन: ‘जनकतनयास्नान’ आधी आणि मग ‘पुण्य’. म्हणजे सीतेच्या स्नानांमुळे पाणी पवित्र झालं. मराठीत आणताना फरक एका ‘मुळे’चा, पण कार्यकारण उलटं झालं ना! पहिल्या वाचनात ‘स्नान’ आणि ‘पुण्योदक’ यांचं नातं ओढूनताणून लावावं लागतं. दुसऱ्यात ते सरळ तृतीया तत्पुरुषाने लागतं: स्नानांनी पुण्य. शिवाय सीतेचं नाव तिथे का आहे, याचंही उत्तर मिळतं. टीकाकार मल्लिनाथही हीच फोड देतो. मला तीच पटते.

दुसरं विशेषण: स्निग्धच्छायातरुषु. इथे मधला च् नवशिक्यांना चकवतो. ‘च्छाया’ कोशात शोधू नका. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की च् येतो, मूळ शब्द छायाच. बहुव्रीही इथेही आहे, नाहीतर यक्ष झाडांवर राहिला असं होईल.

पण ‘स्निग्ध’ कोण? सावली की झाड? ‘स्निग्धा छाया’ असा विग्रह केला तरी समासात स्त्रीलिंगी आ जाऊन ‘स्निग्ध’ उरतं. ‘स्निग्ध छायातरू’ म्हटलं तरी तेच. रूपावरून निकाल लागत नाही. मल्लिनाथ ‘छायातरू’ एकत्र घेतो, त्याचा अर्थ नमेरू वृक्ष असा देतो आणि स्निग्ध म्हणजे दाट. दुसरं वाचन, गर्द सावलीची झाडं, तितकंच चालतं. इथे चित्र फारसं बदलत नाही, म्हणून टिपणात दोन्ही विग्रह लिहून ठेवावेत. पहिल्या समासात मात्र निवड करावीच लागते, कारण तिथे अर्थाची दिशा बदलते.

थोडक्यात, तुमच्या वहीत तीन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात: संधी सोडवलेले तुकडे, कंस आणि प्रत्येक कंसाचा विग्रह. मार्गदर्शकं पहिलीवरच थांबतात.

आणि फोडीची मर्यादाही ओळखा. ‘रामगिर्याश्रमेषु’मध्ये रामगिरि आणि आश्रम हे दोन शब्द निर्विवाद आहेत. पण ती टेकडी कुठली? मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो, वा. वि. मिराशींनी नागपूरजवळचं रामटेक मानलं. हा वाद कितीही कंस घातले तरी व्याकरणाने मिटत नाही. त्याला भूगोल आणि इतिहासाचे पुरावे लागतात.