बावीस मिनिटांची ओळ

निफाड तालुक्यात एका मित्राचा वीस गुंठ्यांचा टोमॅटो आहे. विहिरीजवळच्या खोलीत, स्टार्टरच्या शेजारी एक छोटा कंट्रोलर बसवलेला आहे आणि त्यात या प्लॉटचं पाणी ठरवणारा प्रोग्रॅम चालतो. त्यातला निर्णय घेणारा भाग जेमतेम पाच ओळींचा. इतक्या थोडक्यात इतकं शहाणपण मावलेलं मी फार क्वचित वाचलं आहे, म्हणून त्या ओळी एकेक करून, सावकाश वाचाव्यात असं वाटतं.

त्याआधी त्यांच्या जागी काय होतं ते पाहायला हवं. पहिला प्रोग्रॅम असा होता:

```
if (olava < 28) valve_on();
if (olava > 34) valve_off();
```

`olava` म्हणजे सेन्सरनं सांगितलेला ओलावा: शंभर लिटर मातीत किती लिटर पाणी आहे, त्याची टक्केवारी. जमीन मध्यम काळी. सेन्सर ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, २० सेंटिमीटर खोल पुरलेला. ओलावा २८ च्या खाली गेला की व्हॉल्व्ह उघडायचा, ३४ च्या वर गेला की बंद करायचा. या दोन ओळींचंही एक सौंदर्य आहे, आणि ते २८ आणि ३४ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. त्या पट्ट्यात प्रोग्रॅम काहीच करत नाही. जे चालू आहे ते चालू ठेवतो, जे बंद आहे ते बंद. दोन्हीकडे एकच आकडा टाकला असता, तर सेन्सरचं वाचन जरा हललं तरी व्हॉल्व्ह फटाफट उघडझाप करत बसला असता.

तरीही या प्लॉटवर तो प्रोग्रॅम टिकला नाही. एका सकाळची नोंद वाचली की कारण कळतं. सहाला ओलावा २८ च्या खाली, व्हॉल्व्ह उघडला. पावणेआठपर्यंत सेन्सर जागचा हलला नाही, कारण पाणी अजून वरच्या थरातच मुरत होतं. मग आकडा चढू लागला आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी ३४ झाला. व्हॉल्व्ह बंद. पण आलेख तिथे थांबला नाही. वरचे २० सेंटिमीटर तोवर ३४ च्या कितीतरी पलीकडे गच्च भरले होते, आणि ते पाणी दुपारपर्यंत खाली उतरत राहिलं. सेन्सर ३८ पर्यंत गेला. ४५ सेंटिमीटरवर, मुळांच्या मुख्य पट्ट्याखाली, देखरेखीसाठी दुसरा सेन्सर पुरला होता. तोही चढला. खालचा सेन्सर चढला म्हणजे पाणी आणि त्याबरोबर सोडलेलं नत्र मुळांच्या हातून निसटलं. काळ्या जमिनीत याच्या जोडीला मुळांची हवाही तुटते.

सेन्सर खोटं बोलत नव्हता. तो खरं सांगत होता, पण उशिरा. मित्राचे वडील आलेख न बघताच म्हणाले होते, "पाणी खाली लागल्यावर बंद करशील, तर वरचं कुठं जाईल रे?"

मग ३४ ऐवजी ३० लाच बंद केलं तर? त्यानं काही दिवस भागतं. पण हा उशीर स्थिर नसतो. माती जास्त वाळलेली असेल तर वेगळा, भेगा पडल्या असतील तर वेगळा, आणि एकच आकडा या सगळ्यांना पुरत नाही. (पॉलिहाउसमधल्या कोकोपीटच्या पिशव्यांत पाणी काही मिनिटांत सेन्सरपर्यंत पोचतं, तिथे चालू-बंदचा साधा प्रोग्रॅम उत्तम चालतो. दोष पद्धतीत नाही, या मातीशी तिची जोडी जमत नाही इतकंच.)

इथे मनात येतं की पाणी कमी हवं असेल तर व्हॉल्व्हच अर्धा उघडावा. ठिबकमध्ये हा मार्ग बंद आहे, आणि का बंद आहे ते समजल्याशिवाय पुढच्या ओळींची गंमत कळत नाही. साध्या ड्रिपरचा प्रवाह साधारण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. प्रवाह निम्मा करायचा, तर दाब पाव करावा लागतो: एक किलोवरून पाव किलोवर. जमिनीत एक मीटरचा चढ असेल तर तिथे दाब एक-दशांश किलोनं घटतो. एक किलोत ती घट कुणाच्या लक्षात येत नाही; पाव किलोत ती दाबाचा मोठा हिस्साच खाऊन टाकते. चढावरची झाडं उपाशी आणि उतारावरची तुडुंब, असा प्रकार होतो. दाब-नियंत्रित ड्रिपर असतील तर त्यांचा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली दाब जाईपर्यंत बदलतच नाही, म्हणजे अर्ध्या व्हॉल्व्हचा उपयोग शून्य. तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, हेच खरं. कमीजास्त करायची जागा एकच उरते, ती म्हणजे वेळ.

आता त्या पाच ओळी. रोज सकाळी सहाला, रात्रभर पाणी मुरून माती स्थिरावल्यावर, त्या एकदाच चालतात:

```
tut = 34 - olava;
minita = 22 * tut;
if (minita < 15) minita = 0;
if (minita > 90) minita = 90;
valve_on(minita);
```

पहिल्या ओळीत प्रश्न बदलला आहे. आधीचा प्रोग्रॅम विचारत होता, 'वाळलंय का?' हा विचारतो, 'किती वाळलंय?' आणि एकदा विचारून झालं की पाणी चालू असताना पुन्हा सेन्सरकडे बघत नाही. ज्या काळात सेन्सर उशिरा बोलतो, त्या काळात त्याचं ऐकायचंच नाही, हा निर्णय मला या लेखनातला सर्वांत धीराचा वाटतो.

दुसरी ओळ या रचनेचा प्राण आहे. २२ हा आकडा अंदाजानं टाकलेला दिसतो, पण तो या शेताच्या मापातून आला आहे. दोन ओळींत दीड मीटर अंतर, ड्रिपर ४० सेंटिमीटरवर, प्रत्येक ड्रिपर तासाला दोन लिटरचा. ठिबकखाली ओला होणारा पट्टा ६० सेंटिमीटर रुंद आणि मुळांची खोली ३० सेंटिमीटर धरली. म्हणजे एका ड्रिपरच्या वाट्याला ०.४ × ०.६ × ०.३ घनमीटर, अर्थात ७२ लिटर माती येते. तिचा ओलावा एक टक्क्यानं वाढवायला ७२० मिलिलिटर पाणी लागतं. तासाला दोन लिटर देणाऱ्या ड्रिपरला तेवढं द्यायला २१.६ मिनिटं लागतात. हेच ते २२. ओळींतलं अंतर सोडलं तर या शेताचा सगळा भूगोल त्या एका आकड्यात आहे.

या आकड्यानं ती जुनी सकाळही मोजता येते. २८ वरून ३४ वर जायला सहा टक्के, म्हणजे १३२ मिनिटं पुरली असती. व्हॉल्व्ह १९० मिनिटं चालला होता. वरच्या ५८ मिनिटांत प्रत्येक ड्रिपरनं जवळजवळ दोन लिटर जास्त सोडलं, आणि वीस गुंठ्यांत असे तीन हजारांवर ड्रिपर आहेत. सहा हजारांहून जास्त लिटर, एका सकाळीत.

तिसरी ओळ पाइपांसाठी आहे. नळ्या भरून शेवटच्या ड्रिपरला पुरेसा दाब यायला काही मिनिटं जातात. नऊ मिनिटांचं पाणी दिलं तर टोकाच्या झाडांना त्यातलं थोडंच मिळतं. म्हणून पंधराच्या खालचं पाणी द्यायचंच नाही. न दिलेलं पाणी कुठे नोंदवून ठेवावं लागत नाही, हे मला फार आवडतं: ती तूट मातीतच राहते आणि उद्याच्या पहिल्या ओळीत आपोआप मिळते. पावसाचंही तसंच. पाऊस पडून ओलावा ३४ च्या वर गेला की तूट उणे होते, मिनिटं उणे होतात आणि हीच ओळ त्यांना शून्य करते. पावसासाठी वेगळं काही लिहिलेलंच नाही.

चौथ्या ओळीत सावधपणा आहे. उंदरानं वायर कुरतडली आणि वाचन शून्यावर आलं, तर दुसरी ओळ ७४८ मिनिटं, म्हणजे साडेबारा तास पाणी मागेल. काळ्या मातीत याहून फसवा प्रकार घडतो: भेग नेमकी सेन्सरलगत पडते, त्याला मातीऐवजी हवा लागते आणि तो कोरडं कोरडं म्हणत राहतो. ९० ची मर्यादा नुकसान आवरते, पण दोष दाखवत नाही. दोष ओळखायचा तो नोंदीवरून. रोज ९० मिनिटं पाणी जातंय आणि तरी आकडा हलत नाही, तर सेन्सर उपटून, चिखलात नीट बसवून पुन्हा पुरायचा. मात्र एप्रिलमध्ये रोज ९० दिसत असेल आणि आकडा हळूहळू खाली सरकत असेल, तर सेन्सर बरोबर आहे. ९० मिनिटांत फक्त चार टक्के भरतात आणि झाडं त्याहून जास्त पितात. तेव्हा मर्यादाच वाढवायला हवी.

पाचव्या ओळीतली मिनिटं घड्याळाची धरली तर सगळा हिशोब फसतो. शेतीची तीन फेज वीज कधी दिवसा असते, कधी रात्री, आणि मधेच जातेही. इथे पाइपवर एक प्रेशर स्विच आहे. दाब असेल तेवढीच मिनिटं मोजली जातात. वीज गेली की मोजणी थांबते, ऑटोवर मोटर परत सुरू झाली की पुढे चालू होते.

या प्रोग्रॅमबद्दल एक तक्रार नेहमी होते, की रोज सकाळी ओलावा ३४ च्या खालीच दिसतो. ती तक्रार गैर आहे. हिवाळ्यात झाडं दिवसाला तीन टक्के पाणी पीत असतील, तर सकाळी ३१ दिसणारच. ६६ मिनिटांनंतर माती भरते आणि पुढच्या सकाळी पुन्हा ३१. आता घाबरून कुणी २२ चे ११ केले तर काय होईल? माती वाळत वाळत जाणार नाही. ती २८ वर स्थिरावेल, कारण तिथे तूट सहाची होते आणि ११ गुणिले ६ पुन्हा ६६. झाडांना पाणी तेवढंच मिळतं, पण मातीतली शिल्लक कायमची खाली बसते, आणि एखाद्या दिवशी वीज आलीच नाही तर ते महागात पडतं. उलट आकडा गरजेपेक्षा बराच मोठा झाला, तर नोंद एक दिवस लांब, एक दिवस आखूड अशी झुलू लागते.

म्हणून २२ कायमचा मानायचा नाही. लागणीनंतर मुळं १५ सेंटिमीटरच असतात, तेव्हा माती निम्मी आणि आकडाही ११. सेन्सरही तेव्हा तितकाच वर, दहा सेंटिमीटरवर पुरायचा. मुळं उतरतील तसा दोन्हींत बदल. आणि कागदावरचं गणित मातीला विचारून दुरुस्त करता येतं: एका सकाळी बरोबर ६० मिनिटं पाणी द्यायचं, चार-पाच तास थांबायचं आणि ओलावा किती चढला ते बघायचं. इथे तो २.४ टक्क्यांनी चढला. ६० भागिले २.४ म्हणजे २५. सध्या दुसऱ्या ओळीत २२ च्या जागी २५ आहे.