गोषवाऱ्यातला एक शब्द

मशीन लर्निंगवरच्या प्रकल्पांचे अहवाल हल्ली महाविद्यालयांप्रमाणेच अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडूनही तपासायला येतात. त्यांच्या पहिल्याच पानावर 'गोषवारा' नावाचा एक परिच्छेद असतो. तपासणाऱ्याला अनेकदा तेवढाच वाचायला वेळ मिळतो. चांगला गोषवारा कसा असतो हे सांगण्यासाठी आपण एका प्रसिद्ध गोषवाऱ्याकडेच पाहू. तो चांगला आहे, परंतु निर्दोष नाही. म्हणूनच तो निवडला आहे.

२०१२ साली टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. छायाचित्रात काय आहे हे ओळखणारे त्यांचे न्यूरल नेटवर्क पुढे 'ॲलेक्सनेट' या नावाने ओळखले जाऊ लागले. निबंधाचा गोषवारा अवघ्या सहा वाक्यांचा आहे. पहिल्याच वाक्यात लेखक काम सांगतात: इमेजनेट स्पर्धेतील बारा लाख छायाचित्रांची १००० प्रकारांत वर्गवारी करायला आम्ही एक मोठे नेटवर्क शिकवले. संगणकयुगाचे महत्त्व नाही, दृष्टी या विषयाचा इतिहास नाही. दुसऱ्या वाक्यात लगेच निकाल येतो. चाचणीच्या चित्रांवर पहिलाच अंदाज चुकण्याचे प्रमाण ३७.५ टक्के, आणि पाच अंदाज करू दिले तर त्या पाचांतही योग्य नाव नसण्याचे प्रमाण १७ टक्के. निकाल 'चाचणीच्या चित्रांवर' आहे, हे त्याच वाक्यात सांगितले आहे. शिकवताना दाखवलेल्या चित्रांवरचा निकाल म्हणजे पाठ करून घेतलेलेच प्रश्न परीक्षेत घालण्यासारखे झाले असते.

तिसरे वाक्य नेटवर्कची रचना सांगते. सहा कोटी गुणांक, साडेसहा लाख न्यूरॉन, आणि त्यांचे एकूण आठ थर. हे वाक्य मला थोडे जड वाटते. पण नेटवर्क किती मोठे आहे, हाच त्या निबंधाचा एक मुद्दा असल्याने ते अनाठायी नाही. चौथे आणि पाचवे वाक्य मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने नीट पाहावे. त्यांत वापरलेल्या युक्त्या नुसत्या मोजून दाखवलेल्या नाहीत. प्रत्येक युक्ती कशासाठी, हे तिच्या आधी लिहिले आहे. शिकवण्याचे काम लवकर व्हावे म्हणून विशिष्ट प्रकारचे न्यूरॉन आणि ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारी आज्ञावली. नेटवर्कने पाठांतर करू नये म्हणून 'ड्रॉपआउट', म्हणजे शिकवताना काही न्यूरॉन आळीपाळीने, कसेही निवडून, बंद ठेवण्याची पद्धत. विद्यार्थ्यांच्या अहवालांत बहुधा उलटे आढळते. पद्धतींची पाच नावे असतात आणि त्यांतले एकही का घेतले, हे कळत नाही.

आता दोष. दुसऱ्या वाक्यात लेखक म्हणतात की आमचा निकाल पूर्वीच्या उत्तम निकालापेक्षा बराच चांगला आहे. 'बराच' म्हणजे किती? निबंधातील तक्त्यात तो आकडा आहे: पूर्वीच्या उत्तम पद्धतीची पाच अंदाजांतली चूक २५.७ टक्के होती. २५.७ वरून १७ ही झेप इतकी मोठी होती की विशेषणाची गरजच नव्हती, आकडा लिहिला असता तर पुरे होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. शेवटच्या वाक्यात लेखक सांगतात की याच नेटवर्कचा 'एक वेगळा प्रकार' आम्ही २०१२ च्या स्पर्धेत उतरवला. त्याची चूक १५.३ टक्के आली, तर दुसऱ्या क्रमांकाची २६.२. येथे तुलना आकड्यांत केली आहे, ते उत्तमच. पण हा 'प्रकार' म्हणजे काय, हे निबंधाच्या आत शिरल्यावरच कळते. ते सात नेटवर्क होते आणि त्यांच्या अंदाजांची सरासरी घेतली होती. त्यांतली दोन तर आधी सुमारे दीड कोटी चित्रांच्या मोठ्या संग्रहावर शिकवलेली होती. गोषवाऱ्यात वर्णन केलेल्या एकट्या नेटवर्कची २०१२ च्या चित्रसंचावरची चूक १८.२ टक्के होती. तेवढ्यावरही त्यांनी स्पर्धा जिंकलीच असती असे दिसते. त्यामुळे लेखकांनी काही लपवले असे म्हणता येणार नाही. तक्त्यात सर्व दिलेले आहे. परंतु केवळ गोषवारा वाचणारा माणूस १५.३ हा आकडा एका नेटवर्कचा समजतो. 'सात नेटवर्कची सरासरी' एवढे तीन शब्द लिहिले असते तर हा गैरसमज टळला असता.

हीच कसोटी आपण एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला लावून पाहू. विस्कॉन्सिन विद्यापीठाने उपलब्ध केलेला, स्तनातील गाठींच्या ५६९ नमुन्यांचा एक संग्रह अशा प्रकल्पांत पुष्कळ वापरला जातो. त्यातील ३५७ गाठी साध्या आणि २१२ कर्करोगाच्या आहेत. समजा, एका गटाने असे लिहिले:

"आजच्या युगात मशीन लर्निंगला अनन्यसाधारण महत्त्व आहे. वैद्यकीय क्षेत्रात त्याचे अनेक उपयोग आहेत. प्रस्तुत प्रकल्पात कर्करोगाच्या निदानासाठी अत्याधुनिक प्रणाली विकसित केली असून तिची अचूकता ९४.७४ टक्के आहे."

पहिली दोन वाक्ये कोणत्याही अहवालावर चिकटवता येतील, ती खोडावीत. उरला आकडा. गटाला विचारले की चाचणीला नमुने किती होते? उत्तर आले, ११४. म्हणजे सहा चुकले. एक नमुना इकडचा तिकडे झाला तर उत्तर जवळजवळ एका टक्क्याने बदलते. तेव्हा दशांशचिन्हापुढचे दोन अंक नुसते शोभेचे. पुढचा प्रश्न: चुकलेले सहा कोणते? समजा, सहाही कर्करोगाचेच निघाले. आता हाच गोषवारा असा लिहिता येईल:

"गाठीतून सुईने काढलेल्या पेशींच्या मोजमापांवरून ती गाठ कर्करोगाची आहे की साधी, हे संगणकाला ओळखता येते का, ते आम्ही तपासले. विस्कॉन्सिन संग्रहातील ५६९ नमुन्यांपैकी ४५५ नमुने वापरून लॉजिस्टिक रिग्रेशनचे प्रारूप तयार केले. उरलेले ११४ नमुने, ७२ साधे आणि ४२ कर्करोगाचे, केवळ शेवटच्या चाचणीसाठी वेगळे ठेवले होते. चाचणीत १०८ नमुने बरोबर ओळखले गेले. सरसकट सर्वांना साधे म्हटले असते तर ७२ बरोबर ठरले असते. चुकलेले सहाही नमुने कर्करोगाचे होते, म्हणजे अशा दर सात गाठींपैकी एक निसटली. या स्वरूपात प्रारूप निदानासाठी वापरण्याजोगे नाही."

पहिल्या परिच्छेदाच्या जवळजवळ तिप्पट लांबी झाली खरी, पण यातले एकही वाक्य दुसऱ्या प्रकल्पाच्या अहवालात जाऊन बसणार नाही. शिक्षकांनी एक तपासणी अवश्य करावी: गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा आतल्या तक्त्यात तसाच सापडतो का? मुले गोषवारा आधी लिहून ठेवतात आणि नंतर प्रारूप बदलतात. मग दोन आकडे जुळत नाहीत.

शेवटचे वाक्य काढून टाकावे, त्याने प्रकल्प फसल्यासारखा दिसतो, असा आक्षेप येईल. मला तो मान्य नाही. दर सात गाठींपैकी एक निसटते, हाच या प्रकल्पाचा खरा निष्कर्ष आहे. गाठ कर्करोगाची ठरवण्याची मर्यादा खाली आणली तर निसटणाऱ्या कमी होऊ शकतात, पण साध्या गाठींवर खोटा इशारा मिळण्याचे प्रमाण वाढू शकते. हे गटाने करून पाहिले असेल तर त्याचे आकडे गोषवाऱ्यात यावेत. नुसते 'पुढे करता येईल' असेल, तर त्याची जागा अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात आहे.