दुसऱ्या गाडीचा विनोद

बस्टर कीटनचा ‘वन वीक’ हा मूकपट १९२० सालचा, जेमतेम दोन रिळांचा. तो आम्ही पुन्हा पाहिला. शेवट तोंडपाठ होता, तरीही हसलो. माहीत असलेल्या गोष्टीला माणूस दुसऱ्यांदा का हसतो, हा आमच्यापुढचा सवाल आहे.

गोष्ट साधी आहे. नवविवाहित जोडप्याला सुट्या भागांचे घर आहेर मिळते. एक जळका प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे आकडे बदलतो आणि घर वेडेवाकडे उभे राहते. पुढे कळते की ते बांधले तेही चुकीच्या जागेवर. मग घर ओढून नेताना ते नेमके रेल्वेच्या रुळांवर अडकते. समोरून गाडी येते. दोघे जिवाच्या आकांताने घर ढकलतात, हलत नाही, शेवटी बाजूला होतात. गाडी धडधडत येते आणि घराला न शिवता शेजारच्या रुळावरून निघून जाते. दोघांचा जीव भांड्यात पडतो. तेवढ्यात उलट दिशेने दुसरी गाडी येते आणि घराचा चक्काचूर करते.

यातली कारागिरी कॅमेऱ्याच्या जागेपासून सुरू होते. तो अशा कोनात ठेवला आहे की शेजारचा रूळ आपल्या ध्यानात येत नाही; तो दिसला असता तर पहिली गाडी फसवू शकली नसती. दुसरे म्हणजे चित्र दुरून घेतले आहे. घर, माणसे आणि गाडी एकाच चौकटीत आहेत. गाडीचे वेगळे आणि चेहऱ्यांचे वेगळे तुकडे जोडले असते, तर आपल्याला कात्रीचा संशय आला असता. येथे लाकूड खरोखर फुटते.

पण सगळा जीव आहे तो दोन गाड्यांमधल्या विसाव्यात. हा विसावा फार आखूड असता, तर रोखलेला श्वास सुटायच्या आतच धडक झाली असती आणि ती केवळ दुर्घटना वाटली असती. लांबला असता, तर ‘आता आणखी काहीतरी येणार’ हे आपण ताडले असते. कीटनने धक्का दिला तो खांदे सैल पडल्याच्या क्षणी. आमच्या मते दुसऱ्यांदा पाहतानाही हसू येते ते याचमुळे. डोक्याला शेवट ठाऊक असतो, पण श्वास मात्र पहिल्या गाडीबरोबर पुन्हा सुटतोच.

म्हणूनच मूकपट चुकीच्या वेगाने दाखवला की आम्हाला चीड येते. त्या काळी कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवीत, त्यामुळे चित्रणाचा वेग पुढे बोलपटांसाठी ठरलेल्या सेकंदाला २४ चित्रांपेक्षा बहुधा कमी असे. तीच फीत २४ने पळवली, की माणसे तुरुतुरु धावतात. लोक त्यालाच जुना विनोद समजतात. प्रत्यक्षात तेव्हा हरवलेला असतो तो विसावा.

धडकेनंतर कीटन रडत नाही, आदळआपट करत नाही. ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावतो, घर कसे जोडावे याचा कागद तिला चिकटवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो.