‘आपण म्हणजे?’ : उतारा दाखवणं आणि उतारा वाचणं

मागच्या व्याख्यानात पुराव्याबद्दल बरंच बोलणं झालं, पण ते सगळं वरवरच्या पातळीवर राहिलं, असं काही श्रोत्यांनी कळवलं. ते खरं धरून आज एकच निबंध घेऊ, त्यातला एकच उतारा घेऊ, आणि तो नव्यानं लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते पाहू.

निबंध समाजभाषाविज्ञानाचा आहे. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीनं तो इंग्रजीत लिहिलाय, आणि तिच्या संमतीनं आम्ही तो इथे घेतोय. तिनं एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेचं ध्वनिमुद्रण केलं, सगळ्यांची परवानगी घेऊन, आणि त्यातलं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. विषय चांगला निवडलाय : मराठीतली ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन सर्वनामं. ऐकणारा ज्यात धरलेला नाही तो ‘आम्ही’, आणि ज्यात धरलेला आहे तो ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. निबंधाचा निष्कर्ष असा की संस्थेचे सचिव ‘आपण’ वापरून सभेत एकोपा निर्माण करतात.

निष्कर्ष ऐकायला गोड आहे. अडचण अशी की त्याच्या खाली नऊ उतारे दिलेत आणि एकाही उताऱ्यात कुणी शिरलेलं नाही. ‘पुढील उतारा पाहा’, मग दहा-बारा ओळी, खाली इंग्रजी भाषांतर, आणि लगेच ‘यावरून स्पष्ट होते की’. काय स्पष्ट होते? कुठल्या ओळीवरून? आमच्या तत्त्वज्ञानात उदाहरण आणि पुरावा यांत फरक करतात. उदाहरण आधी ठरलेलं मत सजवतं. पुरावा त्या मताला अडवूही शकतो. या निबंधातले उतारे उदाहरणं आहेत, त्यांना पुरावा व्हायला वावच दिलेला नाही.

यातला चौथा उतारा असा आहे. कंसातले आकडे शांततेचे सेकंद दाखवतात, आणि चौकोनी कंस जिथे सुरू होतो तिथे दोघं एकाच वेळी बोलायला लागलेत. ही चिन्हं गेल जेफरसन यांनी रूढ केलेल्या पद्धतीतली आहेत.

१ सचिव : तर टाकीचं काम आम्ही बघितलं, दोन ठिकाणचे दर घेतले.
२ सचिव : आता आपण काय करायचं, प्रत्येकी तीन हजार काढायचे.
३ (१.२)
४ सदस्या : आपण म्हणजे?
५ सचिव : म्हणजे सगळ्यांनीच. आम्ही पण देणारच की.
६ सदस्या : नाही, तुम्ही देणार हो. (०.५) आम्हाला तळमजल्याला टाकीचं पाणी [येतच नाही ना पण.
७ सदस्य : [तेच म्हणतोय.
८ सचिव : बरं बरं, ते बघू आपण.

मूळ निबंधात यावर एक वाक्य आहे : सचिव दोनदा ‘आपण’ म्हणतात आणि सभेला सोबत घेतात. आता हा उतारा पुन्हा बांधू.

आधी त्याची ओळख. ‘पुढील उतारा पाहा’ ही ओळख नव्हे. वाचकाला कळायला हवं की हा सभेच्या कुठल्या टप्प्यावरचा तुकडा आहे, त्याच्या आधी काय झालं होतं, बोलणारे एकमेकांचे कोण, आणि वाचताना नजर कशावर ठेवायची. पण ओळखीत किती सांगायचं? आम्ही तिला एक साधी कसोटी सुचवली. त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना जे आधीच माहीत होतं, ते वाचकालाही आधी सांगायचं. त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं, ते ओळखीत आणायचं नाही. या बाई तळमजल्यावर राहतात आणि तळमजल्याला पाणी थेट नळातून येतं, हे खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. मूळ निबंधात त्याचा उल्लेखच नाही, त्यामुळे सहावी ओळ अचानक कोसळते. निबंध म्हणजे रहस्यकथा नाही. उलट ‘या उताऱ्यात सचिव एकोपा साधतात’ हे ओळखीतच लिहून टाकलं, की पुढचं वाचायची गरज संपली.

नवी ओळख साधारण अशी झाली : ‘सभेचा तिसरा विषय, गच्चीवरच्या टाकीची दुरुस्ती. सचिव कार्यकारिणीचा अहवाल वाचत आहेत. सदस्या तळमजल्यावर राहतात, त्यांना टाकीचं पाणी लागत नाही. आम्ही व आपण यांत प्रत्येक वेळी कोण धरलं आहे ते पाहावे.’ चार वाक्यं, बस्स.

मग येतो शब्दशः अर्थ, म्हणजे बोललेल्या ओळीखाली शब्दाला शब्द लावून दिलेली दुसरी ओळ, आणि तिच्याखाली मोकळं भाषांतर. ही मधली ओळ विद्यार्थ्यांना जाचक वाटते. आपल्याकडचंच एक काम आठवा : गम्पर्झ आणि विल्सन यांचा सांगलीजवळच्या कुपवाडवरचा १९७१चा लेख. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यं त्यांनी एकाखाली एक अशी मांडली की शब्दाखाली शब्द येतो. तिथली वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आलीय, हे त्या मांडणीतूनच दिसतं. मधली ओळ काढली तर युक्तिवादच जातो.

आपल्या दुसऱ्या ओळीचा उत्तरार्ध असा मांडता येईल :

प्रत्येकी | तीन | हजार | काढ-आयचे
माणशी | तीन | हजार | काढ-कर्तव्य.पुं.अव

‘कर्तव्य’ म्हणजे करायला हवं असा अर्थ, ‘पुं’ पुल्लिंग, ‘अव’ अनेकवचन. आता क्रियापद बघा. ‘काढायचे’ हे पुल्लिंगी अनेकवचन कशाशी जुळतं? रुपयांशी. काढणाऱ्याशी नाही. ‘तीन हजार काढू’ म्हटलं असतं तर त्या ऊकारात ‘आपण’ बसलेला असता. ‘काढायचे’ मध्ये कोण काढणार हे क्रियापद सांगतच नाही. आणि मूळ निबंधाचं इंग्रजी भाषांतर काय म्हणतं? ‘आपल्याला प्रत्येकी तीन हजार द्यावे लागतील.’ म्हणजे सचिवांनी ज्या जागी माणूस ठेवलाच नाही, तिथे भाषांतरानं तो आणून बसवला, आणि पुढे त्याच भाषांतरावरून निष्कर्ष काढला. मधली ओळ असती तर हे लिहिणारीच्याच ध्यानात आलं असतं.

आता ओळीमागून ओळ. पहिल्या ओळीत काम बघणारे ‘आम्ही’, म्हणजे कार्यकारिणी. (आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो तो मामला वेगळा, ती आमच्या पिढीच्या प्राध्यापकांची खोड आहे.) दुसऱ्या ओळीत पैशाची गोष्ट आली आणि सर्वनाम ‘आपण’ झालं. काम आम्ही केलं, खर्च आपला. एवढं वळण एका दमात, आणि मूळ भाषांतरात दोन्हीकडे तोच एक शब्द असल्यामुळे ते पुसलं गेलंय.

तिसरी ओळ नुसती शांतता आहे. मूळ निबंधात ती उतरवलीय खरी, पण तिच्याबद्दल अवाक्षर नाही. एक पूर्णांक दोन दशांश सेकंद म्हणजे घड्याळात काहीच नाही, बोलण्यात मात्र बरंच असतं. होकार सहसा लगेच येतो आणि नकार थोडा रेंगाळत येतो, हे अनिता पोमेरान्त्झ यांनी १९८४च्या लेखात दाखवलंय. पण जपून. नुसत्या शांततेवरून ‘सभा नाराज आहे’ असं लिहायचं नाही. कुणी हिशोब करत असेल, कुणी पाणी पीत असेल. शांततेचा अर्थ आपण नाही लावायचा, पुढचा बोलणारा लावतो.

आणि चौथ्या ओळीत तो लावला जातो. ‘आपण म्हणजे?’ मूळ निबंधात हे ‘स्पष्टीकरणाची विनंती’ म्हणून गेलंय. व्याकरणाच्या अंगानं विनंती रास्तही आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे आम्ही आणि तुम्ही मिळून, ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे स्वतःसुद्धा. पण बाईंनी ‘काय म्हणालात?’ असं विचारलं नाही. ‘किती हजार?’ असंही नाही. इतक्या शब्दांतून त्यांनी नेमका तोच शब्द उचलून परत समोर ठेवला. ज्या शब्दानं एकोपा झाला असं निबंध म्हणतो, तो शब्द सभेतल्या एका बाईंना कबूल नाही, आणि त्यांनी ते तिथल्या तिथे, दोन शब्दांत सांगितलंय. निबंधलेखिकेच्या मताविरुद्धचा हा सर्वांत मोठा पुरावा तिच्याच उताऱ्यात चौथ्या ओळीवर बसलाय.

पाचवी ओळ तर फारच बोलकी आहे. सचिव ‘सगळ्यांनीच’ म्हणून दुरुस्ती करतात, आणि पुढच्या श्वासाला ‘आम्ही पण देणारच की’. ‘पण’ म्हणजे ‘सुद्धा’. तुमच्याबरोबर आम्हीसुद्धा. सगळे एक आहेत हे पटवताना वाक्यात दोन गट उभे राहिले! शेवटचा ‘की’ ‘यात विचारायचं काय’ असा सूर लावतो. इंग्रजी भाषांतरात तो गळाला आहे. त्याला एका शब्दाचं भाषांतर नाही हे मान्य, पण मग विश्लेषणात त्याच्यासाठी एक वाक्य तरी खर्चायला हवं.

सहाव्या ओळीत बाई तेच हत्यार उलटं धरतात. आता ‘आम्हाला’ म्हणजे तळमजला, आणि ‘तुम्ही’ म्हणजे देणारे. ‘हो’ लावून धार थोडी बोथट केलीय, इतकंच. सातव्या ओळीतला सदस्य कुठे शिरतो ते कंस सांगतो : ‘येतच’च्या सुरुवातीला, वाक्यातलं ‘नाही’ यायच्या आधी. म्हणजे पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. हे मत एकट्या बाईंचं नव्हतं, एवढं म्हणायला त्या कंसाचा आधार पुरतो. अख्खा तळमजला त्या मताचा होता, असं म्हणायला पुरत नाही.

इथे एका धोक्याबद्दल बोललं पाहिजे. ओळीवार लिहा म्हटलं की पुष्कळ जण उतारा स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगतात : ‘चौथ्या ओळीत सदस्या विचारते की आपण म्हणजे कोण. पाचव्या ओळीत सचिव उत्तर देतात.’ हे वाचकानं वाचलेलंच आहे. ओळखायची खूण अशी : तुमच्या वाक्यातून तो विशिष्ट शब्द, ती शांतता किंवा तो कंस काढून टाका. वाक्य तरीही तसंच उभं राहिलं, तर ते विश्लेषण नाही, पुनरुक्ती आहे. ‘सदस्या विचारते’ हे ‘आपण कोण?’ असतं तरी चाललं असतं. ‘तोच शब्द उचलून परत ठेवला’ हे फक्त ‘आपण म्हणजे?’ला लागू पडतं.

या सगळ्याला जागा लागते. आठ ओळींना दोन पानं गेली. नऊ उताऱ्यांना हे जमणार नाही, म्हणून तिनं सहा काढून टाकले. तिला वाईट वाटलं, आम्हाला नाही. सहा उतारे न वाचता दाखवण्यापेक्षा तीन वाचलेले बरे.

राहिली आठवी ओळ. ‘ते बघू आपण.’ पहिल्या ओळीत बघणारे ‘आम्ही’ होते, आता बघणारे ‘आपण’, तेही क्रियापदाच्या मागे जाऊन बसलेले. हा ‘आपण’ बाईंना सामावून घेतो, की विषय पुढे ढकलतो? आठव्या ओळीवरून हे ठरत नाही, आणि ठरत नाही असंच लिहायला हवं. नवव्या ओळीला सचिवांनी वाहनतळाचा विषय काढला, आणि उरलेल्या ध्वनिमुद्रणात टाकीचा विषय पुन्हा आलेला नाही. एवढी नोंद तिनं आता उताऱ्याखाली केलीय. निष्कर्षाचं वाक्यही बदललंय : या सभेत ‘आपण’ हा एकोप्याचा शब्द नव्हता, त्यात कोण धरायचं यावरच वाद होता.

उरलेल्या दोन उताऱ्यांचं काम तिच्याकडे सुरू आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.