विधिवाक्यांतील दूरान्वय : एका कलमाचे परीक्षण

विशेषण आणि विशेष्य यांच्यामध्ये इतर पदे येऊन अन्वय दुर्बोध झाला, म्हणजे साहित्यशास्त्र त्यास दूरान्वयाचा दोष मानते. एकच पद दोहोंकडे लागू पडले तर त्यास देहलीदीपन्याय म्हणतात. उंबरठ्यावरील दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. काव्यात हे दोन्ही प्रकार एक वेळ क्षम्य ठरतील, क्वचित शोभादायकही होतील. विधिवाक्यात मात्र दिव्याचा उजेड कोणीकडे पडावा यावर मजुराचा भविष्यनिर्वाह निधी अवलंबून असतो.

१९५२ सालच्या कर्मचारी भविष्य निधी अधिनियमाचे पहिले कलम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मूळ इंग्रजी पदक्रम राखून त्याचा पूर्वीचा संबंधित भाग असा मांडता येईल : प्रत्येक आस्थापना, जी अनुसूची १ मध्ये निर्दिष्ट केलेल्या कोणत्याही उद्योगात गुंतलेला कारखाना आहे, व ज्यात पन्नास किंवा अधिक व्यक्ती कामास आहेत. आता 'ज्यात' म्हणजे कशात? कारखान्यात, की उद्योगात?

हा प्रश्न १९६२ साली भंडारा येथील श्री कृष्ण मेटल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यातील पेच एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कारखान्यात ६० माणसे आहेत. त्यांपैकी ४० अनुसूचीतील उद्योगात आहेत व उरलेली २० अनुसूचीबाहेरील कामावर आहेत. 'ज्यात' हे पद कारखान्याकडे गेले तर अधिनियम लागू होतो. उद्योगाकडे गेले तर साठांपैकी एकालाही त्याचा लाभ होत नाही. कंपनीचा पक्ष उद्योगाचा होता. संख्येची अट कारखान्यास उद्देशून आहे, उद्योगास नव्हे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

व्याकरणदृष्ट्या या निर्णयाचे समर्थन कसे करता येईल? वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. येथे संनिधी कंपनीच्या बाजूची आहे, कारण इंग्रजी पदक्रमात 'ज्यात' या पदाच्या अगदी आधी अनुसूचित उद्योगाचाच उल्लेख येतो. योग्यता निर्णायक नाही. माणसे कारखान्यात कामास असतात आणि उद्योगातही असतात. उरली ती आकांक्षा. 'व' हे अव्यय समान दर्जाची पदे जोडू पाहते. 'ज्यात' या संबंधी उपवाक्याचा समान जोडीदार 'जी कारखाना आहे' हे उपवाक्यच होय. 'निर्दिष्ट केलेल्या' हे धातुसाधित विशेषण तसे नाही. म्हणून दोन्ही उपवाक्ये आस्थापनेचीच वर्णने ठरतात. तथापि 'व' जर मसुद्यातून गळला असता, तर संख्या थेट उद्योगास जाऊन चिकटली असती. एवढा भार एका अव्ययावर टाकणे हा रचनेचा दोषच म्हटला पाहिजे.

मराठीत हा दोष टाळण्याचे एक साधन आपोआप उपलब्ध होते, ते म्हणजे लिंग. 'उद्योग' आणि 'कारखाना' ही दोन्ही नामे पुल्लिंगी असल्याने 'ज्यात' संदिग्धच राहील. परंतु 'जिच्यात' असे लिहिताच अन्वय 'आस्थापना' या एकाच नामाकडे जातो. या साधनाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. सामान्यरूपात विशेषणाचा लिंगभेद लोपतो, आणि 'नोंदणीकृत', 'मान्यताप्राप्त', 'शासकीय' अशा विशेषणांना तर विकारच होत नाही. प्रशासकीय मराठीस अशीच विशेषणे अधिक प्रिय आहेत.

शिवाय मराठीत विशेषण नामापूर्वी येत असल्याने इंग्रजीतील अडचण येथे उलट्या टोकास जाते. 'मान्यताप्राप्त शाळा, वसतिगृहे व ग्रंथालये यांना अनुदान देण्यात येईल' या वाक्यात वसतिगृहासही मान्यता लागते काय, हे कळत नाही. अट फक्त शाळांस असेल तर 'वसतिगृहे, ग्रंथालये व मान्यताप्राप्त शाळा' एवढा क्रमबदल पुरतो. अट सर्वांस असेल तर 'यांपैकी ज्यांना मान्यता मिळाली आहे अशांना' असे यादीनंतर म्हणावे.

याहून फसवा प्रकार निराधार धातुसाधिताचा होय. 'कागदपत्रे तपासून तीस दिवसांच्या आत हरकत नोंदविण्यात यावी' या वाक्यात तपासणारा कोण? 'ऊन' प्रत्ययान्त रूप मुख्य क्रियेच्या कर्त्याची अपेक्षा करते, आणि 'नोंदविण्यात यावी' या रचनेने तो कर्ताच दडविला आहे. कागदपत्रे अधिकाऱ्याने तपासायची असतील, तर हरकतदाराचे तीस दिवस त्या तपासणीनंतर सुरू होतील, असेही कोणी म्हणू शकेल. 'हरकतदाराने कागदपत्रे तपासून' असा एक शब्द वाढविला की हा वाद उद्भवत नाही.

मसुदा तपासण्याची रीत यातूनच निघते. प्रत्येक विशेषणापुढे 'कोणते?' आणि प्रत्येक धातुसाधितापुढे 'कोणी?' हा प्रश्न ठेवावा. दोन उत्तरे संभवली, तर वाक्य पुन्हा रचावे. भंडाऱ्याच्या प्रकरणात पहिल्या प्रश्नास दोन उत्तरे होती, आणि त्यांतील एक निवडण्याचे काम अखेर न्यायासनास करावे लागले.