प्राथमिक विद्यार्थ्यांसाठी चित्रश्रेणी : वाचन अभिवृत्तीच्या एका साधनाची चिकित्सा

पहिली ते चौथीच्या मुलांची अभिवृत्ती मोजताना अनेकदा मोठ्यांसाठीचीच प्रश्नावली घेतली जाते. ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ या शब्दांच्या जागी हसरे-रडके चेहरे छापले, की साधन बालसुलभ झाले असे मानले जाते. या समजुतीची तपासणी करण्यास मॅकेन्ना व केअर यांची प्राथमिक वाचन अभिवृत्ती चाचणी उपयुक्त ठरते. अमेरिकेतील ‘द रीडिंग टीचर’ या नियतकालिकात ती 1990 साली प्रसिद्ध झाली.

या चाचणीत 20 प्रश्न आहेत. 10 प्रश्न आनंदासाठी केलेल्या वाचनाविषयी आणि 10 शालेय वाचनाविषयी आहेत. प्रत्येक प्रश्नाखाली गारफिल्ड या चित्रकथेतील मांजराची चार चित्रे आहेत : अतिशय खूश, किंचित खूश, किंचित नाराज आणि फार नाराज. त्यांना अनुक्रमे 4, 3, 2 व 1 गुण मिळतात. शिक्षक प्रश्न मोठ्याने वाचतात आणि मूल एका चित्राभोवती गोल करते. त्यामुळे ज्याला वाचता येत नाही, त्याचेही वाचनाविषयीचे मत कळते.

या रचनेचे खरे बळ मांजरात नाही, प्रश्नाच्या रूपात आहे. प्रत्येक प्रश्न ‘अमुक करताना तुला कसे वाटते?’ असाच विचारतो आणि चित्रही भावनाच दाखवते. हाच चेहऱ्यांचा संच ‘तू घरी किती वेळा वाचतोस?’ या प्रश्नाखाली छापल्यास मेळ तुटतो. हसरा चेहरा म्हणजे ‘रोज’ हे मुलाला कळण्याचे कारण नाही. वारंवारता विचारायची असेल तर एक, दोन, तीन पुस्तकांची चित्रे अधिक योग्य ठरतात.

दुसरा दोष रूपांतर करताना शिरतो. मोठ्यांच्या श्रेणीत काही नकारात्मक विधाने हवीत, या नियमाने ती मुलांच्या साधनातही घातली जातात. मूळ चाचणीत अशी विधाने नाहीत. ‘मला गोष्टीचे पुस्तक वाचायला आवडत नाही’ हे ऐकताना लहान मुलाचे लक्ष ‘गोष्टीचे पुस्तक’ या शब्दांवर जाते. तोंडी उत्तरातही घोटाळा होतो. मूल ‘नाही’ म्हणते, ते ‘नाही आवडत’ या अर्थाने. नोंद मात्र विधान अमान्य केल्याची होते. हर्बर्ट मार्श यांनी 1986 साली दाखवले, की लहान व वाचनात मागे असलेल्या मुलांचे नकारात्मक विधानांना दिलेले प्रतिसाद भरवशाचे नसतात.

याचा परिणाम गुणांत पाहावा. 10 विधानांच्या उपश्रेणीत 2 विधाने नकारात्मक आहेत असे समजू. वाचनाची आवड असलेल्या मुलाने सर्वत्र खूश चित्र निवडले, तर 8 विधानांचे 32 गुण होतात आणि उलट गणना केलेल्या 2 विधानांचा प्रत्येकी 1 गुण मिळून बेरीज 34 होते. वाचन नावडणाऱ्याने सर्वत्र फार नाराज चित्र निवडले, तर 8 अधिक 8 असे 16 गुण होतात. खरे गुण 40 आणि 10 होते. म्हणजे 30 गुणांचे अंतर 18 वर आले, आणि तेही केवळ वाक्यरचनेमुळे.

मूळ चाचणीही निर्दोष नाही. खेळण्याऐवजी वाचण्याविषयीच्या प्रश्नात दोन गोष्टींची तुलना आहे. पहिलीतील मूल खेळालाच प्रतिसाद देण्याचा संभव आहे. पावसाळी शनिवारी वाचण्याचा प्रश्न सुटीच्या दिवशी घरात अडकलेल्या मुलाला धरून आहे. जिथे शाळा शनिवारी सकाळी भरते, तिथे तो शब्दशः आणणे व्यर्थ होय. उर्दू माध्यमात आणखी एक बाब येते. पान उजवीकडून डावीकडे वाचले जाते. चित्रांचा क्रम तसाच ठेवला तर मुलाची नजर प्रथम फार नाराज चित्रावर पडते. तिथे क्रम उलटवावा आणि गुण जागेवरून न देता चित्रावरून द्यावेत.

चार चेहऱ्यांतील मधली दोन चित्रे मुलांना वेगळी वाटतात का, हे आधी पाहावे. चित्रे विस्कटून ‘सर्वांत खूश कोण? त्यानंतर कोण?’ असे विचारावे. क्रम लागत नसेल तर हार्टर व पाइक यांच्या 1984 च्या चित्रश्रेणीची रीत घ्यावी. तीत मूल प्रथम दोन चित्रांतून आपल्यासारखे एक निवडते आणि मग ‘खूप’साठी मोठे किंवा ‘थोडे’साठी लहान वर्तुळ दाखवते. गुण चारच राहतात, पण एका वेळी निवड दोहोंतूनच करावी लागते.

चाचणीपूर्वी आइस्क्रीम खाणे आणि सुई टोचून घेणे असे दोन सरावप्रश्न द्यावेत. दोन्हींना एकच चित्र निवडणाऱ्या मुलाला ‘हे का निवडलेस?’ असे विचारावे. त्याने सुईला घाबरत नसल्याचे सांगितले तर प्रतिसाद खरा आहे; ‘हे चित्र छान आहे’ असे सांगितले, तर ते प्रश्नाला नव्हे, चित्राला गुण देत आहे. अशा मुलाचे आकडे कोष्टकात घालण्यापूर्वी रीत पुन्हा समजावणे आवश्यक ठरते.