कलम ७३ : ज्ञान केव्हाचे?

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ चे विवेचन करताना विशेष हानी म्हणजे ‘कळविलेली हानी’, असे सर्रास सांगितले जाते. हे विवेचन अपुरे आहे; ते ज्ञान संविदा करतेवेळीच उभयपक्षी असावे लागते.

समजा, लातूरच्या डाळमिलमालकाने नांदेडहून यंत्राचा दांडा मागविला व मिल बंद असल्याचे वाहतूकदारास माल नोंदवतानाच सांगितले. अवाजवी विलंब ५ दिवसांचा आणि रोजचा सरासरी नफा ८,००० रुपये असल्यास ४०,००० रुपये मिळतील. त्यामुळे हातचे गेलेल्या शासकीय कंत्राटातील ३ लाखांचा नफा मात्र मिळणार नाही. त्या कंत्राटाची वाहतूकदारास कल्पनाच नव्हती. कलमाखालील यंत्रवाहतुकीचे उदाहरण हेच सांगते. कंत्राटाची माहिती दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून दिली, तरी फरक पडत नाही. मिल बंद असल्याचेही सांगितले नसते, तर हॅडली वि. बॅक्सेंडेल (१८५४) नुसार ४०,००० रुपयेही गेले असते. मालकाजवळ दुसरा दांडा असू शकतो, म्हणून मिल बंद पडणे ही विलंबाची नैसर्गिक हानी ठरत नाही.

तात्पर्य, दाव्याचे भवितव्य बिल्टी फाडतानाच ठरते. कंत्राटाचा उल्लेख तिच्यावर हवा.